आधी यादी, मग कार्ड

*मी नऊ वर्षं एका हॉस्पिटलमध्ये व्हिजिटिंग फिजिशियन आहे. आठवड्यातून दोन ओपीडी असतात. आता घरच्या कारणाने ते काम सोडतेय. महिन्याची नोटीस दिली. एचआरकडून उत्तर आलं की शेवटच्या दिवशी सगळी कार्डं जमा करा, त्याच संध्याकाळी लॉगिन बंद होईल. पेशंटचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "फायली इथेच आहेत, नवीन डॉक्टर आले की बघतील." नवीन डॉक्टर अजून ठरलेलेच नाहीत. कितीतरी पेशंट सहा-सात वर्षं माझ्याकडेच येतायत. त्यांची यादी घरी न्यावी आणि सवडीने एकेकाला फोन करावा असं वाटतं. पण ते योग्य आहे का? आणि लॉगिन आणखी महिनाभर चालू ठेवा, अशी विनंती करू का?*

*— एक फिजिशियन*

डॉक्टर, यादी घरी नेऊ नका आणि लॉगिनची मुदतही वाढवून मागू नका. पण यादी मात्र आजच मागा. ती हॉस्पिटलच्या आवारातच, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर, शेवटच्या दिवसाच्या आत संपवायची आहे. हातात महिना आहे, तो पुरतो.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मी एवढा यादीच्या मागे का लागलोय ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असंच एक हॉस्पिटल सोडलं. ओपीडीच्या दारावर पंधरा दिवस आधी सूचना लावली, येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगितलं, कार्ड दिलं आणि निघालो. सगळं नीट झालं, अशी माझी समजूत होती. जायच्या तीन आठवडे आधी एका बाईंची थुंकी टीबीच्या कल्चरला पाठवली होती. स्मिअर निगेटिव्ह होता आणि न्यूमोनियाच्या औषधांनी त्यांना बरं वाटायला लागलं होतं, म्हणून कल्चर येईपर्यंत थांबलो होतो. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे वाट बघावी लागते. त्यांचं पाचव्या आठवड्यात पॉझिटिव्ह आलं. म्हणजे मी गेल्यानंतर दोन आठवड्यांनी. रिपोर्ट माझ्या नावाच्या इनबॉक्समध्ये पडला आणि तो इनबॉक्स उघडणारं कुणी उरलं नव्हतं. बाईंना बरं वाटत होतं, म्हणून त्या आल्या नाहीत. दारावरची सूचना त्यांनी पाहिलीच नाही. पुढे दोन महिन्यांनी वजन उतरलेलं आणि थुंकीतून रक्त, अशा अवस्थेत त्या दुसरीकडे गेल्या, तिथून मला फोन आला.

दारावरची सूचना फक्त येणाऱ्याला दिसते. ज्याच्यापर्यंत पोचायची खरी गरज असते, तो बहुतेक वेळा आलेलाच नसतो.

म्हणून रेकॉर्ड विभागाला आणि आयटीला लेखी मागणी करा, की गेल्या बारा महिन्यांत माझ्या नावावर पाहिलेले सगळे पेशंट, प्रत्येकाची शेवटची भेट, पुढची अपॉइंटमेंट आणि रिपोर्ट यायचा राहिलेल्या तपासण्या द्या. सहा महिने पुरणार नाहीत. छातीच्या सीटीत सहा-आठ मिलिमीटरची गाठ सापडलेल्याला आपण सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी करायला सांगतो, आणि असा माणूस मधल्या काळात एकदाही फिरकत नाही.

यादी आली की घाबरायला होतं. माझ्या पुढच्या खेपेला, म्हणजे शहाणपण आल्यावर, ती चारशेच्या वर होती. पण सगळ्यांना फोन करायचा नसतोच. ब्लडप्रेशर स्थिर आहे, थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं तीच आहे, अशांना हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं पत्र किंवा मेसेज पुरतो. तुम्हाला शोधायचेत ते तीन प्रकारचे लोक. ज्यांचा रिपोर्ट यायचाय, ज्यांचं औषध रक्ततपासणीच्या आधारावर चालतं, आणि ज्यांना लांबची तारीख दिलीय. चारशेतून मला असे एकेचाळीस मिळाले. दोन दुपारी गेल्या.

दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण सविस्तर बघू, कारण हँडओव्हर सगळ्यात जास्त फसतो तो तिथे. समजा, तुमचा शेवटचा दिवस ३० तारीख. सत्तरीचे एक गृहस्थ एट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफरिनवर आहेत, रोज ५ मिलिग्रॅम, आयएनआरचं लक्ष्य २ ते ३. वर्षभर तो अडीचच्या आसपास राहिलाय. २४ तारखेला ३.६ आला. रक्तस्राव नाही. तुम्ही आठवड्यातले दोन दिवस ४ मिलिग्रॅम केलं, म्हणजे आठवड्याचा डोस ३५ वरून ३३ वर आला, आणि आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं. तो आठवडा संपतो १ तारखेला. तुम्ही नसताना.

आता घाईत लिहिलेली नोट अशी असते: "वॉरफरिन चालू, आयएनआर ३.६, डोस कमी केला, रिपीट." यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कारण खरी गोष्ट अशी, की या गृहस्थांनी दाताच्या दुखण्यासाठी आठवडाभर मेट्रोनिडाझोल घेतलं होतं. ते वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. कोर्स २३ तारखेला संपला. म्हणजे आता आयएनआर आपोआप खाली येणार, त्यात डोसही कमी केलेला, तेव्हा पुढच्या तपासणीत तो २ च्या खाली गेलेला असू शकतो. हे माहीत नसलेला डॉक्टर १ तारखेला १.८ बघेल आणि पेशंट गोळ्या चुकवतोय असं समजेल. किंवा त्याहून वाईट, कुणी तपासणारच नाही, डोस तसाच राहील आणि गुठळीचा धोका वाढत जाईल.

म्हणून नोट अशी लिहा: "वॉरफरिन, एट्रियल फिब्रिलेशनसाठी, लक्ष्य २ ते ३. एरवी रोज ५ मिलिग्रॅमवर स्थिर. २४ तारखेला ३.६, कारण मेट्रोनिडाझोल, ते २३ ला बंद. सध्या पाच दिवस ५ आणि दोन दिवस ४. तपासणी १ तारखेला. आयएनआर २ च्या जवळ किंवा खाली आल्यास पूर्वीच्या डोसवर परत नेण्याचा विचार करावा. पेशंटशी २९ ला फोनवर बोलणं झालं, मुलगा घेऊन येणार." सात-आठ वाक्यं. कारण, आत्ताचा डोस, तारीख आणि पुढे काय व्हायची शक्यता आहे, एवढं असलं की अनोळखी डॉक्टरलाही निर्णय घेता येतो.

मेथोट्रेक्सेटच्या पेशंटच्या नोटेत "आठवड्यातून एकदा" हे शब्द अक्षरी लिहा आणि वारसुद्धा लिहा. नव्या हाताने प्रिस्क्रिप्शन उतरवताना ते "रोज" होण्याची चूक जुनी आहे आणि तिने माणसं दगावलेली आहेत. कार्बिमाझोलवाल्यांना जाण्याआधी पुन्हा एकदा सांगा, की ताप किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून द्या. आजवर तो फोन तुम्हाला यायचा.

स्टेरॉइडचं दुखणं वेगळं. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत आणताय, चिठ्ठी महिन्याची, पुढची भेट ठरलेली नाही, अशा वेळी गोळ्या संपल्या की माणूस त्या सरळ बंद करतो. तीन आठवड्यांच्या वर चाललेलं स्टेरॉइड असं एकदम तुटलं तर अॅड्रीनल ग्रंथी लगेच जागी होत नाही, आणि रक्तदाब कोसळून तो कॅज्युअल्टीत येतो. तेव्हा पुढच्या भेटीच्या तारखेपलीकडे दोन आठवडे पुरेल एवढी चिठ्ठी द्या आणि डोस कधी किती कमी करायचा ते तारखांसकट लिहा. मेथोट्रेक्सेटला मात्र ही सढळता नको. तिथे रक्ततपासणी झाल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही.

आता नोट द्यायची कुणाला? "नवीन डॉक्टर बघतील" हे उत्तर तुम्ही मान्य करू नका. ज्याला नाव नाही त्याला रिपोर्ट वाचता येत नाही. मेडिकल सुपरिंटेंडंटना लिहा, की नवीन नेमणूक होईपर्यंत या एकेचाळीस जणांसाठी (तुमचा आकडा घाला) एका डॉक्टरचं नाव ठरवून द्या. दुसरे फिजिशियन असतील, नाहीतर सुपरिंटेंडंट स्वतः. मग त्या डॉक्टरांसोबत अर्धा तास बसा, यादी एकेक ओळ वाचा आणि प्रत्येकापुढे त्यांची सही घ्या. नुसता मेल पाठवला म्हणजे हँडओव्हर झाला असं नाही, समोरच्याने "घेतलं" म्हटल्यावर तो होतो. आठवडाभरात नाव ठरलं नाही तर पुन्हा लिहा, आणि या वेळी वॉरफरिनवाल्या गृहस्थांचं उदाहरण तारखेसकट घाला. "पेशंट सेफ्टी" या शब्दाने फाइल हलत नाही, "१ तारखेचा आयएनआर कोण बघणार?" या प्रश्नाने हलते.

फोन हॉस्पिटलच्या नंबरवरून करा, शक्यतो ओपीडीच्या सिस्टरना शेजारी बसवून. तुम्ही गेल्यावर तो आवाज तिथे त्यांचाच उरणार आहे. पेशंट हमखास विचारतील, "डॉक्टर, आता तुम्ही कुठे बसणार?" विचारलं तर खरं सांगा. कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे. मात्र ओपीडीत बसून नव्या जागेची कार्डं वाटू नका. बहुतेक करारांत पेशंट वळवू नयेत असं एक कलम असतं, ते एकदा काढून वाचा. "इथे पुढे अमुक डॉक्टर बघतील, तुमची सगळी माहिती त्यांना दिलीय, दुसरीकडे जायचं असेल तर रेकॉर्ड विभागात अर्ज करून फाइलची प्रत मिळेल" एवढं सांगितलं की तुमची बाजू स्वच्छ राहते आणि त्यांचीही सोय होते.

यादी घरी का नाही, हेही यातच आलं. त्या नोंदी हॉस्पिटलच्या ताब्यातल्या आहेत आणि माहिती पेशंटची आहे. फोनवर काढलेला यादीचा फोटो, पेनड्राइव्हवरची फाइल, स्वतःलाच केलेला मेल, हे सगळं उद्या तुमच्या अंगावर येऊ शकतं, हेतू कितीही चांगला असला तरी. शिवाय घरी बसून फोन केलात आणि पेशंट म्हणाला, "छातीत दुखतंय," तर तुमच्यासमोर ना त्याची फाइल, ना त्याला दाखल करून घ्यायचा अधिकार.

लॉगिनचं तसंच. चालू ठेवलेलं लॉगिन म्हणजे चालू ठेवलेली जबाबदारी. रिपोर्ट तुमच्याच इनबॉक्समध्ये येत राहतील, इतरांना वाटेल डॉक्टर बघतायत, आणि तुम्ही दुसऱ्या कामात असाल. बंदच करायला सांगा, पण त्याआधी आयटीकडून दोन गोष्टी करून घ्या. शेवटच्या तारखेनंतरच्या तुमच्या अपॉइंटमेंट बुक होणं थांबवायचं, आणि तुमच्या नावाने येणारे रिपोर्ट त्या ठरलेल्या डॉक्टरांच्या इनबॉक्सकडे वळवायचे. वळवले असं तोंडी ऐकून सोडू नका. २७-२८ तारखेच्या सुमाराला एखादा खरा रिपोर्ट येऊ द्या आणि तो पलीकडे दिसतो का, हे त्या डॉक्टरांनाच विचारा. बऱ्याच ठिकाणी लॅबची यंत्रणा वेगळी, एक्स-रे-सीटीची वेगळी असते. एक वळते, दुसरी राहून जाते.

त्याच वेळी तुमच्या नावाच्या अर्धवट डिस्चार्ज समऱ्या आणि सह्या राहिलेल्या नोंदी संपवा. लॉगिन गेल्यावर त्या तुम्हाला पुऱ्या करता येत नाहीत, दुसऱ्याने त्यावर सही करणं बरोबर नाही, आणि विम्याचे क्लेम त्यातच अडकतात. तुमची राहिलेली फी पुष्कळदा त्याच क्लेममागे थांबलेली असते, हे जाता जाता सांगून ठेवतो. शेवटचा आठवडा नवीन पेशंट स्वतःच्या नावावर दाखल करू नका. जे दाखल आहेत त्यांच्या फाइलवर नवीन डॉक्टरचं नाव तारीख-वेळेसह लिहा आणि नातेवाइकांना वॉर्डात जाऊन समोरासमोर सांगा.

आता कार्डं. "सगळी कार्डं" म्हणजे नक्की काय, याची यादी एचआरकडे बहुधा नसते, तुम्हीच करा. दाराचं कार्ड, आयसीयूचं वेगळं असेल तर ते, पार्किंगचा पास, लॉकरची किल्ली, डिजिटल सहीचं टोकन, रबरी शिक्का, तुमच्या नावाची छापील पॅडं. मोबाइलवर रिपोर्ट बघायचं अॅप असेल तर त्यातून बाहेर पडा आणि ते काढून टाका. सिस्टिमचा ओटीपी तुमच्या नंबरवर येत असेल तर तो नंबर काढायला लावा. आणि एक अप्रिय गोष्ट: घाईच्या दिवसांत सोयीसाठी सही करून ठेवलेले कोरे कागद वॉर्डात किंवा ओपीडीच्या खणात आहेत का, ते सिस्टरना स्पष्ट विचारा आणि सापडले तर त्यांच्यासमोर फाडा. "आमच्याकडे नाहीत" हे उत्तर दोनदा तपासा.

कार्ड गेटवरच्या सिक्युरिटीच्या टेबलावर पाकिटात ठेवून जाऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने तसं केलं. चार महिन्यांनी औषधांच्या खोलीतला हिशोब जुळेना, तेव्हा दाराच्या नोंदीत त्यांचं नाव निघालं. पाकीट कुणीतरी उघडलं होतं, कार्ड चालू होतं, म्हणून ते तात्पुरत्या स्टाफला वापरायला दिलं गेलं. सुटले ते, पण खुलासा लिहावाच लागला. तुम्ही पोच घ्या: कार्डावरचा नंबर, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि सही. आणि देण्याआधी कार्ड आयटीकडून निकामी करून घ्या. मग त्यांच्यासमोर दारावर लावून बघा. दिवा लाल झाला पाहिजे.

विम्याबद्दल एकच. तुमचं व्यावसायिक दायित्वाचं संरक्षण हॉस्पिटलच्या पॉलिसीतून असेल, तर काम सोडल्यानंतर आलेला, पण आधीच्या उपचारांबद्दलचा दावा त्यात बसतो का, हे लेखी विचारा. काही पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात. तसं असेल तर मागच्या काळासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि त्याची चौकशी निघण्याआधीच केलेली बरी.

शेवटच्या दिवसाचा क्रम असा ठेवा. ओपीडी संपल्यावर आधी यादीवरच्या सह्या पुऱ्या आहेत का ते बघा. मग आयटीकडे जाऊन त्या दिवशी आलेले रिपोर्ट पलीकडे दिसतायत ना, ते पुन्हा एकदा. मग लॉगिन बंद. सगळ्यात शेवटी कार्ड आणि पोच. कार्ड आधी दिलंत तर बाकीच्या कामांसाठी दार उघडायला कुणाची तरी वाट बघत बसाल.

आणि ऑपरेटर, लॅब आणि आयसीयू या तिघांकडच्या फोन नंबरांच्या कागदावरून तुमचा नंबर काढायला सांगा. तो कागद भिंतीला चिकटवलेला असतो, कॉम्प्युटरमधलं नाव बदललं म्हणून तो बदलत नाही. बदलायला सांगूनही तुम्हाला रात्री दोनला लॅबचा फोन येईल: "डॉक्टर, तुमच्या पेशंटचं पोटॅशियम ६.८ आहे." तेव्हा "मी आता तिथे नाही" म्हणून फोन ठेवू नका. पेशंटचं नाव आणि आकडा लिहून घ्या, लॅबला सांगा की ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच कळवा, आणि स्वतःही ऑपरेटरमार्फत त्या डॉक्टरांना गाठून सांगा. कुणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा. सकाळी सुपरिंटेंडंटना दोन ओळींचा मेल करा, की भिंतीवरच्या कागदावर माझा नंबर अजून आहे.